धैर्यशीलच्या निरोपाचा कागद

“ही शेवटची ओळ काढून टाका,” करंदीकर मॅडम फोनवर म्हणाल्या. “बाकी मजकूर सुरेख आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. पण ही ओळ नको.”

वकिलाच्या डोळ्यांत पाणी आणलं म्हणजे मी बरंच काही लिहिलं असणार. मी समोरचा कागद पुन्हा वाचला. ‘धैर्यशील, आमचं चुकलं ते असं,’ आणि त्यापुढे माझ्या अक्षरात चार वाक्यं. सकाळी त्याचा फोटो काढून मॅडमना पाठवला होता.

“मॅडम, ही आमच्याकडची पद्धत आहे,” मी म्हणाले. “कुणीही सोडून जाताना ही ओळ वाचतातच.”

“रेवती, ही पद्धत तुमच्या तंत्रज्ञांसाठी ठीक आहे. हा माणूस संचालक आहे. आज त्याचा राजीनामा बोर्डाच्या नोंदीवर येणार, तीस दिवसांच्या आत कंपनी निबंधकाकडे अर्ज जाणार. त्याच्या कंपनीतून बाहेर पडण्याच्या करारात दोन्ही बाजूंनी लिहून दिलंय की एकमेकांबद्दल वावगं बोलणार नाही. आणि फंडाला तुम्ही काय लिहून दिलंय ते आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“मग झालं तर. एकत्र केलेल्या कष्टांबद्दल बोला, कृतज्ञता बोला, कुणावर ठपका ठेवू नका. त्यात सगळ्यांचाच मोठेपणा दिसतो.”

बारा वाजता निरोप होता आणि तेव्हा साडेदहा झाले होते.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावर आमची ‘थंडावा’ ही कंपनी होती. गावोगावच्या दूधसंस्थांमध्ये दूध गार ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात. टाकीतलं दूध चार अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. वीज गेली, दूध तापायला लागलं, तर आम्ही टाकीला लावलेली छोटी डबी संस्थेच्या सेक्रेटरीला आपोआप फोन करायची. ‘दूध तापतंय, जनरेटर चालू करा,’ एवढंच ती बोलायची. आवाज धैर्यशीलच्या आईचा होता. गावातली माणसं यंत्राचं ऐकत नाहीत, म्हातारीचं ऐकतात, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते शंभर टक्के खरं निघालं.

धैर्यशील चौगुले आणि मी इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. कंपनी सुरू केली तेव्हा दोघांत मिळून एक लॅपटॉप होता. सकाळी तो प्रोग्रॅम लिहायचा, दुपारी मी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायची. साहजिकच एकमेकांचे पासवर्ड एकमेकांना पाठ. त्याचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या घरच्या म्हशीचं नाव, चंद्री, आणि पुढे तिच्या खरेदीचं साल. पुढे चौतीस माणसं झाली, प्रत्येकाला स्वतंत्र लॅपटॉप मिळाला, तरी चंद्री बदलली नाही आणि मला ती ठाऊक आहे यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. नवराबायकोचा नसेल एवढा आमचा एकमेकांवर भरवसा होता. लोक चिडवायचेही. आम्ही दोघंही हसून सोडून द्यायचो.

निरोपाच्या कागदाची पद्धत त्यानेच पाडली. अर्पिता नावाची आमच्याकडे कामाला लागलेली पहिली मुलगी सात महिन्यांत पुण्याची नोकरी धरून निघाली, तेव्हा मी जाम भडकले होते. शिकवलं आम्ही आणि फळं दुसऱ्याला, वगैरे वगैरे. धैर्यशीलने माझं सगळं ऐकून घेतलं.

“माझ्या बापानं एकतीस वर्षं फाउंड्रीत काढली,” तो म्हणाला. “निघताना मॅनेजर अर्धा तास बोलला. सगळं कंपनीच्या प्रगतीवर. बाप घरी भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला आणि म्हणाला, ‘मी नक्की काय केलं रं तिथं?’ आपण असं करायचं नाही. शिव्याबी नकोत आणि पेढेबी नकोत. तिनं काय केलं ते सांगायचं आणि आपलं काय चुकलं ते सांगायचं. बास.”

मग नियम ठरले. कागद आम्ही दोघांपैकी एकाने हाताने लिहायचा. जाणाऱ्याने तो आधी बघायचा नाही. सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा. टाळ्या नाहीत. शेवटची ओळ ‘आमचं चुकलं ते असं’ अशीच सुरू व्हायची, आणि वाचून झाल्यावर कागद जाणाऱ्याच्या हातात द्यायचा. अर्पिताच्या कागदावर त्याने लिहिलं होतं, ‘आमचं चुकलं ते असं, सात महिने तू एकटी डबा खाल्लास आणि आम्ही दोघं तुझ्या शेजारी बसून कामाचं बोलत राहिलो.’ ती पोर हमसून रडली. तिचा धरून असे एकोणीस कागद वाचले गेले. लोक निरोपाला थांबायचे ते त्या शेवटच्या ओळीसाठी.

विसावा कागद धैर्यशीलचा.

तो का चालला होता, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

मार्च महिन्यात डब्यांचा प्रोग्रॅम बदलायचा होता. आमचा शिरस्ता असा, की नवा प्रोग्रॅम आधी दहा डब्यांवर टाकायचा, तीन दिवस बघायचं, मगच बाकीच्यांवर. आणि सगळ्यांवर टाकायचा असेल तर दोघांची मंजुरी लागायची, एक माझ्या खात्यातून, एक त्याच्या. त्या शुक्रवारी तो आजऱ्याला बहिणीच्या साखरपुड्याला गेला होता. सोमवारी आमच्यात पैसे गुंतवणाऱ्या फंडाचे कामत येणार होते. त्यांना नव्या प्रोग्रॅममधून येणारे अहवाल पडद्यावर दाखवायचे होते. मी धैर्यशीलला फोन लावला.

“दहांवर टाक,” तो म्हणाला. पाठीमागे सनई वाजत होती. “सगळ्यांवर नको. एक गोष्ट मला अजून बघायची हाय. मंगळवारी बोलू.”

“कामत सोमवारी येतायत.”

“मंगळवारी ये म्हणावं.”

कामतांना मंगळवारी ये म्हणण्याइतकी माझी छाती नव्हती. मी माझ्या खात्यातून मंजुरी दिली. मग माझ्या खात्यातून बाहेर पडले, चंद्री आणि साल टाइप केलं, आणि त्याच्या खात्यातूनही दिली. पुरं एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यात आपण काही भयंकर करतोय असं मला वाटलंही नाही, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही एकमेकांच्या नावाने शेकडो कामं केलेली होती.

त्याला जी गोष्ट बघायची होती ती अशी. जुन्या प्रोग्रॅममध्ये डबीचा फोन लागला नाही तर ती दर दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायची. नव्यात बॅटरी वाचावी म्हणून तीन प्रयत्नांनंतर डबी झोपायची, ती थेट सहा तासांनी उठायची. शनिवारी संध्याकाळी आजरा, चंदगड, भुदरगड या भागात गारांचं वादळ झालं. वीज गेली, मोबाइलचे टॉवरही पडले. टॉवर पाऊण तासात उठले, डब्या उठल्या नाहीत. टाक्यांत संध्याकाळचं नुकतंच काढलेलं कोमट दूध. जनरेटर शेजारी उभे. पण फोन आला नाही म्हणजे दूध गार आहे, असा सेक्रेटऱ्यांचा आमच्यावर विश्वास. रविवारी सकाळी टँकरवाल्यांनी एक्केचाळीस गावांचं दूध नाकारलं.

बोर्डाची तातडीची बैठक झाली. कामतांनी नोंदी मागवल्या. सगळ्यांवर टाकायची शेवटची मंजुरी कुणाच्या खात्यातून? धैर्यशील चौगुले.

मी तोंड उघडणार होते. देवाशप्पथ उघडणार होते. पण त्याच्या आधी तो बोलला.

“माझ्या खात्यावरनं गेलंय. जबाबदारी माझी.”

बैठकीनंतर जिन्यात मी त्याला अडवलं. तो म्हणाला, “फंडाचा करार पुढच्या आठवड्यात हाय. तू अडकलीस तर करार गेला, आणि चौतीस पोरं घरी. माझ्यावर आलं तर फक्त शिव्या खायच्या. तू सीईओ आहेस. गप बस आता.”

मी गप्प बसले. मग करारात, घटनेचं कारण काय या रकान्यात, ‘तांत्रिक प्रमुखांच्या खात्यातून नियम डावलून मंजुरी’ असं लिहून मी सही केली. खातं त्याचंच होतं, नियमही डावलला गेला होता. एकही शब्द खोटा नव्हता. असलं खरं लिहायला वकीलच लागतात.

शिव्या खाऊन भागेल असं त्याला वाटलं होतं. भागलं नाही. जूनमध्ये बोर्डाने त्याच्या डोक्यावर बंगळूरचा एक नवा प्रमुख आणून बसवला. ज्या पोरांना त्याने सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकवलं, ती पोरं त्याचा प्रोग्रॅम तपासायला लागली. तपासताना ओशाळी व्हायची, तरी तपासायची. ऑगस्टमध्ये त्याने राजीनामा दिला. बाहेर पडण्याचा करार मात्र सभ्य झाला. त्याचे शेअर त्याच्याकडेच राहू द्यायचे, दोघांनी एकमेकांबद्दल चांगलंच बोलायचं, आणि बातमी आधी आपल्या माणसांना, मग दूधसंस्थांना, मग जगाला सांगायची. यातलं एकही कलम त्याने मागितलं नव्हतं. तो करार नुसता चाळून सही करून मोकळा झाला.

त्या दिवशी अकरा वाजता तो माझ्या टेबलाशी आला. हातात चार पानांची यादी होती.

“हे बघ. सिमकार्डांचा करार कुणाशी, सर्व्हरच्या किल्ल्या कुठल्या फाइलीत, बँकेत माझ्या सहीऐवजी कुणाची, सगळं लिहिलंय. गडहिंग्लजच्या संस्थेला मंगळवारी फोन करू नका, त्यांचा बाजार असतोय. आणि आईचा आवाज राहू दे, ती काय म्हणत नाही.”

“बस ना जरा.”

“नको. बसलो तर उठवणार नाही.” तो हसला. मग माझ्या टेबलावर पालथ्या घातलेल्या कागदाकडे त्याने पाहिलं आणि लगेच नजर वळवली. “मी बघितलं नाही हां. नियम म्हणजे नियम.”

“लिहिलंय मी,” मी म्हणाले.

“माहीत आहे. तू लिहिणारच.” तो जायला वळला, आणि जाता जाता अगदी सहज बोलावं तसं म्हणाला, “आई पण येणार आहे आज. दादाला म्हटलं, गाडीवरनं आण. बाराला पोहोचंल. मार्चपासनं गावात तिला लोक विचारत्यात. तिनंही ऐकावं एकदा.”

काय ऐकावं, ते त्याने सांगितलं नाही. मला विचारायचीही गरज नव्हती.

मी बाथरूममध्ये जाऊन दोनदा तोंड धुतलं. कागदावरची चार वाक्यं मला पाठ होती. ‘त्या शुक्रवारी मंजुरी तू दिली नव्हतीस. तू नको म्हणालास. तुझ्या खात्यातून ती मी दिली. गेले पाच महिने तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि मीही घेतलं नाही.’ ही वाचली तर फंडाला दिलेलं लेखी खोटं ठरणार, माझी खुर्ची जाणार, कदाचित कंपनीही जाणार. नाही वाचली तर? काही होणार नाही. याचाच मोह मोठा होता. मी टेबलाशी परत आले, नवा कागद घेतला आणि वरचा सगळा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. शेवटच्या ओळीच्या जागी मी दुसरं लिहिलं. करंदीकर मॅडमनी मला भाग पाडलं असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. पण ओळ काढा म्हणाल्या तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता, हे मलाच माहीत.

बाराला सगळे जमले. खाली फाउंड्रीत जेवणाची सुट्टी झाल्यामुळे ठोकाठोक थांबली होती. धैर्यशीलची आई एकुलत्या एका गादीच्या खुर्चीवर, डोक्यावरचा पदर सारखा करत बसली होती. पोरं एकेक करून तिच्या पाया पडत होती. रोज डबीतून तिचा आवाज ऐकलेला, माणूस पहिल्यांदाच बघत होती. धैर्यशील खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा होता.

मी वाचायला लागले. आणि सांगते, फार चांगलं वाचलं. पहिल्या डबीत पाणी शिरू नये म्हणून त्याने आईच्या कुकरची रिंग कापून लावली ते वाचलं. पगार करायला जमला नाही त्या महिन्यात त्याने मोटारसायकल विकली आणि मला ‘चोरीला गेली’ म्हणून सांगितलं, ते वाचलं. चंदगडच्या घाटात मला ताप चढला, तर हा रिकाम्या टँकरला हात करून मला दवाखान्यात घेऊन गेला आणि वाटेत टँकरवाल्यालाच डबी विकली, हे वाचल्यावर सगळे हसले. त्याची आईसुद्धा हसली. पोरी डोळे पुसत होत्या.

मग मी शेवटच्या परिच्छेदाशी आले. सगळ्यांना ठाऊक होतं आता काय येतं ते. धैर्यशीलने हाताची घडी सोडली. त्याने आईकडे पाहिलं.

“धैर्यशील,” मी वाचलं, “आपण मिळून जे सोसलं ते शब्दांत येणार नाही. जे घडलं त्यात दोष कुणाचाच नव्हता. कंपनी तुझी होती आणि राहील.”

मी कागदाची घडी घातली.

कुणी हललं नाही. अजून ओळ यायची आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. मागे उभ्या असलेल्या एका पोराने न कळून ‘आणि?’ असं हळूच म्हटलं, आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं. मग बंगळूरच्या नव्या प्रमुखाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या बापड्याला नियम कुठे माहीत होता? त्याचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. आमच्याकडे निरोपाला वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

एक मात्र मी पाहिलं. पोरांच्या नजरा माझ्यावरून निघाल्या आणि हळूहळू धैर्यशीलकडे गेल्या. ओळ नाही म्हणजे कंपनीचं काही चुकलेलं नाही, आणि कंपनीचं नाही म्हणजे मग कुणाचं ते उघडच होतं. त्याच्या आईने काही विचारलं नाही. “चांगलं वाचलंस हो बाई,” असं मला म्हणाली आणि पिशवीतून खव्याच्या पोळ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

दीड वाजता तो शेवटच्या कामासाठी माझ्याकडे आला. त्याचं खातं बंद करायचं होतं. ते फक्त माझ्या खात्यातून होत असे. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने घडी उघडली, सगळा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजू बघितली.

“मागे काही नाही,” मी म्हणाले.

“दिसतंय.”

“करंदीकर मॅडमनी सांगितलं, की...”

“वकील हायत, त्या सांगणारच.” आवाज चढला नाही, तेच मला लागलं. चढला असता तर मीही भांडले असते. “तू काय म्हणालीस त्यांना?”

“धैर्या, दोष कुणाचाच नव्हता असंच मी म्हटलंय ना! तुझ्यावर ठपका ठेवलाय का कुठे?”

“रेवती,” तो म्हणाला, “कुणाचाच नाही कशाला म्हणालीस? माझा नाही, एवढंच म्हणायचं होतंस. तुझा हाय असं म्हण, असं मी कधी म्हटलं? मला काय तुला बुडवायचं नव्हतं. ‘ह्यात धैर्याचा दोष नाही.’ एक वाक्य. आई तेवढ्यासाठी अठ्ठावीस किलोमीटर आली गाडीवरनं.”

मला हे सुचलंच नव्हतं. सगळं सांगायचं किंवा काहीच नाही, या दोनच वाटा मला दिसल्या होत्या. तिसरी एवढी साधी होती, आणि ती दिसू नये इतकं मी स्वतःचंच बघत बसले होते.

“कुणाचाच नाही म्हटलं की लोक दाराकडं बघत्यात,” तो म्हणाला. “जो बाहेर पडतोय त्याच्याकडं. बघ, खातं बंद कर. उशीर व्हायला लागलाय, आईला ऊन सोसत नाही.”

पडद्यावर त्याचं नाव होतं. बंद करायचं का, म्हणून विचारत होतं. मी हो दाबलं. चंद्री संपली. त्याने कागदाची नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, टेबलावरची आपली डाग द्यायची बंदूक उचलून पुन्हा जागेवर ठेवली आणि म्हणाला, “ही राहू दे. पोरांना लागंल.”

एवढंच. दोन दिवाळ्या त्याचे शुभेच्छांचे निरोप आले, नंतर तेही थांबले. त्याने दोन वेळा नवं काही उभारायचा प्रयत्न केला, असं ऐकलं. दोन्ही वेळा पैसे लावणाऱ्यांनी मार्चच्या त्या वादळाचं विचारलं. त्याने करार पाळला आणि कुणाबद्दलही वावगं बोलला नाही. आता निपाणीकडे दुधाच्या टाक्या दुरुस्त करतो. आमची कंपनी चांगली चालली आहे.

गेल्या वर्षी आजऱ्याकडच्या एका गावी संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. सेक्रेटरी आप्पा, सत्तरीचे, मला टाकीपाशी घेऊन गेले. टाकीवर आमची डबी होती, अगदी जुनी, पहिल्या खेपेतली.

“हिनं आमाला एकदाच धोका दिला बगा,” आप्पा म्हणाले. “त्या गारांच्या टायमाला. तुमचा त्यो पार्टनर हुता न्हवं, चौगुल्यांचा? त्याच्या हातनं चूक झाली म्हणं. काडून टाकलासा, बरं केलासा.”

आठ वर्षं मी त्या वाक्याची तयारी करत होते. तोंडातून ते निघालं तेव्हा मलाच दचकायला झालं.

“नाही आप्पा. त्याची चूक नव्हती. तो नको म्हणत होता. त्याच्या नावाने मीच केलं ते. माझ्यामुळे गेलं तुमचं दूध.”

आप्पांचा चेहरा कौतुकाने फुलला. पलीकडे बसलेल्या दोघांना त्यांनी हाक मारली.

“ऐकलासा का रं? गेलेल्या माणसाचं बी स्वताच्या अंगावर घेत्यात. अशी मालकीण पायजे.” आणि मला म्हणाले, “मॅडम, मन लई मोठं हाय तुमचं. बसा, च्या घ्या.”

मी पुन्हा एकदा सांगायला तोंड उघडलं. ते हसत मान हलवत राहिले. चहा आला. मी बसले आणि प्यायले.